मदत हवी आहे: आईच्या पोटात कळा, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय. गॅसवर घरात काय देऊ?

भांडुपचा_अमेय (रात्री ९.४०)
काल संध्याकाळपासून आईच्या पोटात कळा येतायत. कळ आली की ती वाकते, मग जरा थांबते, परत येते. उलट्या सुरूच आहेत, घोटभर पाणीही टिकत नाही. पोट ढोलासारखं ताणलंय. सकाळी फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं, तासभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता दवाखाना बंद आहे. वय ५९. गॅस मोकळा व्हायला आणि उलटी थांबायला घरातलं काय देऊ, एवढंच सांगा. डॉक्टरकडे जाऊन आलोय, त्यामुळे तो सल्ला नको.

नीलिमा_शिवडी (९.४८)
बेंबीभोवती हिंगाचा लेप लावा. दोन चमचे एरंडेल कोमट दुधातून द्या. पोट साफ झालं की फुगा उतरतो. माझ्या सासूबाईंना दर वेळी यानेच आराम पडतो.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (९.५५)
एरंडेल देऊ नका. इसबगोल नको, एनिमा नको, दूधही नको. अमेय, आधी हे सांगा: आईच्या पोटाचं पूर्वी कुठलं ऑपरेशन झालंय का? कितीही जुनं असलं तरी सांगा. खालून वारा सरतोय का, आणि शेवटचा कधी सरला? उलटीचा रंग काय आहे? जांघेत किंवा जुन्या टाक्यावर कुठे गाठ आलीये का? सकाळचं इंजेक्शन कोणतं होतं?

भांडुपचा_अमेय (१०.०३)
संडासला सकाळी थोडं झालं होतं, म्हणजे बद्धकोष्ठ नाही. वारा दुपारपासून सरला नाही म्हणतेय. उलटी आधी हिरवी होती, आता तपकिरी आहे आणि वास येतोय. गाठ नाही. इंजेक्शन पेरिनॉर्म. ऑपरेशन म्हणजे २०१२ मध्ये गर्भपिशवी काढली होती, पोट उघडून. त्याचा आता काय संबंध? मी गॅसचं विचारतोय.

वर्षा_डाएट (१०.०७)
पिशवी काढल्यावर पोट सुटतंच, हार्मोन्सचा परिणाम. बहिणीला रात्रीचा भात बंद करून फरक पडला. मैदा आणि साखर पूर्ण बंद करा.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (१०.१६)
वर्षाताई, हे पोट सुटणं नाही.

अमेय, संबंध आहे आणि तोच मुख्य आहे. पोट उघडून ऑपरेशन झालं की आत जखम भरताना आतड्यांमध्ये चिकटलेले पट्टे तयार होतात, डॉक्टर त्याला अ‍ॅडहीजन म्हणतात. वर्षानुवर्षं काही त्रास नसतो. मग एक दिवस आतड्याची एखादी वळी अशा पट्ट्याखाली अडकते किंवा मुरडते, आणि पुढचा रस्ता बंद होतो. आतडं अडथळ्यावर जोर लावतं तेव्हा कळ येते, दमलं की थांबते. वर साठलेलं पाणी आणि पित्त उलटीतून बाहेर येतं. आधी हिरवी आणि नंतर तपकिरी, वासाची उलटी म्हणजे लहान आतड्यातलं साठलेलं वर येतंय.

सकाळी संडास झाली याने फसू नका. अडथळ्याच्या खाली जे उरलेलं असतं ते एकदा-दोनदा बाहेर पडतंच. पेरिनॉर्म आतड्याला जोराने ढकलायला लावतं. रस्ता पूर्ण बंद असेल तर ते परत घ्यायचं नाही. एरंडेलाचंही तेच.

आज रात्रीच निघा. सकाळपर्यंत थांबू नका. तोंडाने काही देऊ नका, ओठ ओले केले तर चालेल. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर त्या सोबत घ्या आणि तिथे सांगा, स्वतःहून देऊ नका. भांडुपहून सायन हॉस्पिटलला जाता येईल. खासगीत जाणार असाल तर आधी फोन करून एकच विचारा: रात्री सर्जन आणि सिटी स्कॅन दोन्ही आहेत का? गाडी नसेल तर १०८.

भांडुपचा_अमेय (१०.२१)
साखरेची गोळी चालू आहे, मेटफॉर्मिन. रात्रीचीच असते, द्यायची होती. थांबवतो. पण आधी सोनोग्राफी करून घेऊ का? स्टेशनजवळ एक सेंटर अजून उघडं आहे.

राजू_गोरेगाव (१०.२४)
हो, आधी सोनोग्राफी करा. मला असाच त्रास होता, मूतखडा निघाला. पोटाचं सगळं सोनोग्राफीत दिसतं.

पीजी_सर्जरी (१०.३०)
सगळं नाही दिसत, राजूदादा. फुगलेली आतडी सोनोग्राफीत ओळखता येतात, पण हवेमुळे अडथळा नेमका कुठे आणि कशामुळे, ते बहुतेकदा समजत नाही. रात्री त्या रांगेत वेळ घालवू नका. हॉस्पिटलमध्ये आधी उभ्याने पोटाचा एक्स-रे काढतात. त्यात फुगलेली आतडी आणि पाण्याच्या आडव्या पातळ्या दिसल्या की बरंच कळतं. मग किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघून सिटी. मेटफॉर्मिनचं तिथे नक्की सांगा, सिटीच्या औषधाच्या वेळी ते विचारतातच. सिस्टरांनी सांगितलंय तसंच करा.

भांडुपचा_अमेय (१०.३४)
निघतोय.

भांडुपचा_अमेय (दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.१०)
अ‍ॅडमिट आहे. एक्स-रेमध्ये पातळ्या दिसल्या. नाकातून नळी घातली, पहिल्याच तासात लिटरभराच्या वर तपकिरी पाणी निघालं. पोट थोडं सैल झालंय, कळा कमी आहेत. सिटीचा रिपोर्ट: लहान आतडं एका ठिकाणापर्यंत फुगलेलं, त्याच्या पुढे एकदम चपटं, बहुधा चिकटलेला पट्टा, आतड्याला रक्त नीट जातंय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लगेच नको, वाट बघू. अडथळा दिसतोय तर वाट कसली बघतायत? दुसरीकडे हलवू का?

डोंबिवली_फास्ट (११.२२)
हलवा. वाट बघू हे आम्हालाही सांगितलं होतं. वडिलांना नळी घालून ठेवलं, शेवटी उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं. दोन फूट कापलं. त्यांचं नंतर कधीच नीट झालं नाही. अडथळा म्हणजे ऑपरेशन, बाकी सगळा वेळकाढूपणा.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (११.४०)
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. एक विचारते: त्यांची कळ येऊन-जाऊन होती की नंतर सलग झाली?

डोंबिवली_फास्ट (११.४६)
दुसऱ्या रात्री सलग दुखायला लागलं. हात लावू देत नव्हते. ताप आला. ड्युटीवरच्यांनी दुखायचं इंजेक्शन वाढवलं.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (१२.०५)
तिथेच चुकलं. येऊन-जाऊन होणारी कळ सलग झाली, पोट हात लावल्यावर किंवा खोकल्यावर दुखू लागलं, ताप आला, नाडी धावायला लागली, तर आतड्याचं रक्त थांबत असेल असं धरायचं आणि सर्जनला त्याच वेळी बोलवायचं. अशा वेळी वाट बघायची नसते. वाट बघणं चुकीचं नाही, वाट बघताना पेशंटकडे न बघणं चुकीचं आहे. नुसत्या पट्ट्यामुळे झालेले बरेच अडथळे नळी आणि सलाइनवर सुटतात. आणि प्रत्येक ऑपरेशन नवे पट्टे तयार करतं, म्हणून विनाकारण उघडत नाहीत.

अमेय, तुम्ही वॉर्डात हे बघा. नळीतून किती येतंय आणि रंग फिका होतोय का. लघवी तासाला साधारण ३० मिलीच्या खाली जाऊ नये, एवढं पाणी शरीरातून गेलंय. रक्तातलं पोटॅशियम किती आलं ते विचारा. उलट्यांमधून ते जातं, कमी राहिलं तर आतडं आणखी सुस्त होतं आणि अडथळा सुटला तरी पोट हलत नाही. दुखणं बदललं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता सांगा. आणि हलवण्याआधी सर्जनना एक सरळ प्रश्न विचारा: किती वेळ थांबणार, आणि कशावरून ठरवणार?

पीजी_सर्जरी (१२.२०)
सहमत. त्यात एक भर. आमच्याकडे नळीतून पोट रिकामं केल्यावर साधारण १०० मिली गॅस्ट्रोग्राफिन, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, त्याच नळीतून देतात, नळी काही तास बंद ठेवतात आणि मग एक्स-रे काढतात. ते औषध २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं, तर रस्ता बहुतेक आपोआप मोकळा होतो. नाही पोचलं तर ऑपरेशनचा विचार पुढे येतो. त्यामुळे तीन-तीन दिवस अंदाजावर काढावे लागत नाहीत. तुमच्याकडे देणार आहेत का, विचारा.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (१२.३१)
द्यावं, पण आतड्यात रक्त कमी पडत असेल किंवा फुटल्याची शंका असेल तर नाही. आणि ते द्यायच्या आधी पोट नळीने नीट रिकामं झालेलं हवं. उलटीतून ते औषध फुफ्फुसात गेलं तर वेगळंच संकट. ७२ तास हे मी कमाल मानते, प्रत्येकाला तेवढे द्यायचेच असं नाही.

पीजी_सर्जरी (१२.३८)
वेळेबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. पेशंट स्थिर असेल आणि नळीतलं पाणी रोज कमी होत असेल, तर आमचे सर तिसऱ्या दिवसानंतरही थांबलेले मी पाहिलेत. रोज तीच व्यक्ती पोट तपासत असेल तर.

कॅशलेस_माहिती (१२.५५)
मेडिक्लेम असेल तर अ‍ॅडमिशनची माहिती लवकर कळवा, नाहीतर क्लेम अडकतो.

भांडुपचा_अमेय (१.१०)
मेडिक्लेम नाही. गॅस्ट्रोग्राफिन आज दुपारी देणार म्हणाले. किती थांबणार विचारलं, उद्या संध्याकाळपर्यंत फोटो बघून ठरवू म्हणाले. हलवत नाही.

भांडुपचा_अमेय (तिसऱ्या दिवशी, सायंकाळी ६.३०)
काल रात्रीच्या फोटोत औषध लहान आतड्यातच होतं, सगळे घाबरलो. आज दुपारच्या फोटोत मोठ्या आतड्यात दिसलं. तासाभरापूर्वी वारा सरला, मग पातळ संडास झाली. नळी बंद करून ठेवलीये, उलटी नाही. उद्या नळी काढून पाणी सुरू करू म्हणाले. आता हे परत होणार का? आणि तो पट्टा नंतर दुर्बिणीने कापून टाकायचा का, म्हणजे कायमचं मिटेल?

नीलिमा_शिवडी (६.४१)
परत होऊ नये म्हणून जड खाणं, कच्च्या भाज्या, कडधान्यं कायमची बंद करा.

सर्जिकल_वॉर्डातली_सिस्टर (७.०२)
पहिले काही दिवस पेज, मऊ भात, चोथा कमी, हे ठीक. कायमचं बंद केल्याने पट्टा जात नाही. परत होऊ शकतं, काहींना वर्षांनी होतं, काहींना कधीच नाही. त्रास नसताना पट्टे कापायला उघडत नाहीत. परत परत अडकत असेल तर सर्जन बघतात.

पीजी_सर्जरी (७.१५)
दुर्बिणीचं सगळ्यांना जमत नाही. पोटात किती चिकटलंय ते आत गेल्यावरच कळतं, आणि सोडवताना आतड्याला छिद्र पडायची भीती असते. डिस्चार्जच्या वेळी सिटीची सीडी आणि रिपोर्ट मागून घ्या. २०१२ च्या ऑपरेशनचा कागद सापडला तर तोही त्याच फाइलमध्ये लावा.

डोंबिवली_फास्ट (७.२०)
अमेय, आज रात्री वॉर्डात कोणीतरी सोबत थांबा. सलग दुखलं तर लगेच उठवा त्यांना.

भांडुपचा_अमेय (७.२६)
बहीण थांबतेय. सगळं लिहून दिलंय तिला.