मदत हवी आहे: परतीच्या विमानासाठी सेव्हर घ्यावे की फ्लेक्स?

नमस्कार. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आम्हा दोघांना दिल्लीहून पुण्याला परतायचे आहे. डॉक्टरांनी सोडण्याची तारीख आठवडाभर पुढे जाऊ शकते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर माणशी सेव्हर ५,४०० रुपये, स्टँडर्ड ५,९५० आणि फ्लेक्स ७,३०० दिसते. तिन्हींत १५ किलो सामान असून तेवढे पुरेसे आहे. स्टँडर्डमधले जेवण आम्हाला नको, आणि आईला लागणारी कडेची जागा ३५० रुपयांत वेगळी मिळते, म्हणून तो पर्याय मी बाद केला.

सेव्हरची तारीख बदलल्यास माणशी ३,००० रुपये शुल्क आणि भाड्यातील फरक भरावा लागतो. फ्लेक्समध्ये शुल्क माफ, फरक मात्र तिथेही द्यावाच लागतो. म्हणजे १,९०० जास्त मोजून ३,००० वाचवायचे, आणि बदलाची शक्यता साधारण दोन-तृतीयांश असेल तरच ते परवडते. रद्द करण्याचा प्रश्न नाही, प्रवास नक्की आहे.

नियम दोनदा वाचले, ग्राहक सेवेलाही विचारले; उत्तर मोघम मिळाले. तारीख बदलताना फरक त्या दिवशीच्या फ्लेक्स भाड्याशी तुलना करून काढतात, की सर्वांत स्वस्त उपलब्ध भाड्याशी? कुणी प्रत्यक्ष फ्लेक्स तिकीट बदलले असल्यास किती रक्कम भरावी लागली?