मदत हवी आहे : आईची जीभ लाल, गुळगुळीत झालीये, आग होते. इन्फेक्शन की बी १२?

मृणाल_लालबाग

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं आहे. वय ६६, माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. डायबेटिस ११ वर्षं, मेटफॉर्मिन १००० सकाळ-संध्याकाळ. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळीही पाच-सहा वर्षं चालूच आहे.

गणपतीच्या आधीपासून तिची जीभ जळजळते. आधी फक्त लोणचं लागायचं, आता साध्या आमटीनेही डोळ्यांत पाणी येतं. काल बॅटरी लावून बघितलं. टोक आणि दोन्ही कडा लाल, चकचकीत, जिभेची खरखर नाहीच. मध्यभागी दोन खोल भेगा आहेत, पण त्या तिच्या लहानपणापासून आहेत असं ती म्हणते. मागच्या बाजूला थोडा पांढरा थर. ओठांचे कोपरे फुटलेत. वरची कवळी आहे.

जवळच्या डॉक्टरांनी बुरशीचं इन्फेक्शन म्हणून लावायचं औषध दिलं, सोबत बी-कॉम्प्लेक्स. १० दिवसांत ओठांचे कोपरे जरा बरे झाले, जीभ होती तशीच. सीबीसी केली : हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ८७. "वयाच्या मानाने ठीक आहे, बी १२ कमी असतं तर एमसीव्ही वाढला असता," असं सांगितलं. पायाला मुंग्या येतात त्या शुगरमुळे म्हणे.

आता पुढे काय करू? बुरशीचं औषध आणखी चालवू की तपासण्या? कोणाकडे जायचं हेही कळत नाहीये.

वसंतराव का.

जीभ म्हणजे पोटाचा आरसा. मागे पांढरा थर आहे म्हणजे कोठा साफ नाही. रात्री गरम पाण्यातून चमचाभर एरंडेल द्या आणि तांब्याच्या पट्टीने सकाळी जीभ घासून काढा. आमच्या आईने आम्हा भावंडांना हेच केलं.

सुमेधा_दंतवैद्य

वसंतकाका, राग मानू नका, पण या जिभेला पट्टी लावू नका. जिथे आधीच साल गेल्यासारखं झालंय तिथे घासलं तर जखम होईल. मागचा पातळ पांढरा थर बहुतेकांना असतो. मऊ खाणं, कमी पाणी, तोंड उघडं ठेवून झोपणं, एवढ्याने तो जाड होतो. या प्रकरणात तो महत्त्वाचा नाही.

मृणाल, मी दंतमहाविद्यालयात मुखरोग विभागात २६ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. फोटो न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही जे बारकाईने लिहिलंय त्यावरून वाट कुठे जाते ते सांगते.

जिभेची खरखर म्हणजे तिच्यावरचे बारीक दाणे. हे पेशींचे थर फार भराभर झडतात आणि नव्याने येतात. नवी पेशी बनायला बी १२, फोलेट, लोह लागतं. यातलं काही कमी पडलं की जुने दाणे झडतात, नवे येत नाहीत. सुरुवात टोक आणि कडांपासून होते, मग जीभ तुळतुळीत होते. बी १२ मध्ये ती बहुधा लालभडक आणि झोंबणारी, लोहाच्या कमतरतेत जास्त फिकी. पण नुसत्या रंगावरून कुठली कमतरता ते मी कधीच ठरवलं नाही, कारण दोन्ही एकत्र असलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर.

खोल भेगा लहानपणापासून आहेत तर त्या तिच्या जिभेची ठेवणच आहे. त्यांचा कमतरतेशी संबंध नाही. वयाबरोबर जरा खोल होतात, अन्न अडकतं, चूळ भरली की झालं.

आता मला तीन गोष्टी सांगा. आई कवळी रात्री काढते का? कवळी काढून टाळू बघा, रंग कसा आहे? आणि सीबीसीच्या कागदावर आरडीडब्ल्यू किती लिहिलंय?

केतकी_मुलुंड

माझ्या मुलालाही असंच लाल गुळगुळीत दिसायचं! चार वर्षांचा होता. मी बी १२, लोह, जंताचं औषध सगळं केलं. शेवटी कळलं की ती "जिऑग्राफिक टंग" आहे, काही करायची गरज नाही. तुमच्या आईचंही तेच असेल, उगाच सुया टोचू नका.

सुमेधा_दंतवैद्य

केतकी, तुमच्या मुलाच्या डागांना पांढरी, किंचित उचललेली किनार होती ना? आणि आज डावीकडे, आठवड्याने उजवीकडे? नकाशा सरकत राहतो, तीच त्याची ओळख, आणि ते खरंच निरुपद्रवी. मृणालच्या आईच्या जिभेवर किनार नाही, डाग हलत नाहीत, वाढत चाललेत. ६६व्या वर्षी पहिल्यांदाच आलेल्या अशा जिभेला "असते काहींची" म्हणून सोडू नये.

मृणाल_लालबाग

किनार नाही, आत्ताच पुन्हा बघितलं. कवळी ती रात्रीही घालून झोपते, कोणी बघेल म्हणून. चाळीत दार उघडंच असतं ना. टाळू लाल आहे, आणि गंमत म्हणजे जेवढी कवळी तेवढाच लाल, कडेला रेघ मारल्यासारखा! आरडीडब्ल्यू १७.९.

सुमेधा_दंतवैद्य

मग तुमचे डॉक्टर पूर्ण चुकले नाहीत. कवळीच्याच आकाराचा लाल टाळू आणि फुटलेले कोपरे हे कवळीखालच्या बुरशीचं चित्र आहे. त्यात डायबेटिस. म्हणूनच औषधाने कोपरे सुधारले. पण कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली तर बुरशी तिच्या ॲक्रिलिकमध्येच मुक्काम करते आणि औषध थांबलं की परत येते. रात्री कवळी काढायचीच. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची. लाजत असतील तर डबीवर रुमाल टाका.

बुरशीचेही दोन चेहरे असतात. दह्यासारखे पांढरे ठिपके कापसाने पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं, हा सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा नुसता लाल, थर नसलेला. तो कमतरतेच्या जिभेसारखाच दिसतो, म्हणून गोंधळ होतो. पण नीट लावलेल्या औषधानंतर कोपरे बरे झाले आणि जीभ हललीच नाही, तर जिभेचं कारण वेगळं धरायला हवं.

एमसीव्हीबद्दल : तो पेशींच्या आकाराची सरासरी आहे. लोह कमी असलं की पेशी लहान बनतात, बी १२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं तर सरासरी छान ८७ येते! आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत. ती साधारण १४.५ पर्यंत असावी, इथे १७.९ आहे. आणि बायकांसाठी हिमोग्लोबिनची रेषा १२ ची, वय वाढलं म्हणून ती खाली येत नाही. मेटफॉर्मिन इतकी वर्षं, ॲसिडिटीची गोळी, शाकाहार, ही तिन्ही कारणं बी १२ खाली आणणारी.

बी १२, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि फोलेट करून घ्या, इंजेक्शन घेण्याच्या आधी. इंजेक्शननंतरचा आकडा फुगलेला येतो. बी-कॉम्प्लेक्सनेही थोडा वर जातो, म्हणून २०० ते ३०० च्या मधे आला तर "नॉर्मल" म्हणून सोडू नका, बी १२ कमी असलं की वाढणारं होमोसिस्टीन बघायला सांगा. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

दाखवायला मुंबईत मुखरोगाची ओपीडी दोन ठिकाणी सहज मिळेल : सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंतमहाविद्यालय, किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंतमहाविद्यालय.

प्रशांत_डोंबिवली

एवढं कशाला? फॉलिक ॲसिडची गोळी स्वस्त मिळते, महिनाभर द्या. माझ्या बायकोचं तोंड त्यानेच बरं झालं.

सुमेधा_दंतवैद्य

फोलेट कमी असेल तर बरोबरच आहे. पण बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर रक्त सुधारतं, कागद चांगला दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. इथे पायाला मुंग्या आहेत, म्हणून मी एवढी अडून बसले आहे.

अनामिक_परळ

थोडं विषयांतर. माझी जीभ लाल नाही, डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, पुसून जात नाही. दुखत नाही. तंबाखू १५ वर्षं, दोन महिने झाले बंद केली. बी १२ घेऊ का?

सुमेधा_दंतवैद्य

नाही. तुम्ही या आठवड्यात जाऊन दाखवा, वेगळा धागा काढायचीही वाट बघू नका. पुसून न जाणारा चट्टा, तोही कडेला, तोही तंबाखूनंतर, याचा छोटा तुकडा तपासावा लागेल. दुखत नाही हा दिलासा मानू नका. बहुतेक चट्टे कॅन्सर नसतात, पण तुमचा कोणता आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तंबाखू सोडलीत ते फार चांगलं केलंत.

मृणाल_लालबाग (नऊ दिवसांनी)

रिपोर्ट आले. बी १२ : १६८. फेरिटिन : ९. फोलेट ठीक. दोन्ही कमी, ताई म्हणाल्या तसंच! फिजिशियननी बी १२ ची इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला अशी लिहून दिली, लोहाची गोळीही. आई म्हणते, "दूध-ताक रोज घेते, मग कमी कसं?"

सुमेधा_दंतवैद्य

दूध-दह्यात बी १२ असतं, पण ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. सोडवायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ॲसिडिटीची गोळी तेच कमी करते. पुढे आतड्यात शोषून घेण्यात मेटफॉर्मिन आड येतं. म्हणजे ताटात आहे, अंगात जात नाही. ॲसिडिटीची गोळी अजून खरंच लागते का, हे फिजिशियनना विचारा.

आणि एक प्रश्न नक्की विचारा : पाळी थांबून इतकी वर्षं झाल्यावर फेरिटिन ९ का? या वयात लोह गेलं तर ते कुठून गेलं हे शोधावं लागतं. पोटातून, आतड्यातून हळूहळू रक्त जात असेल तर बाहेरून काही कळत नाही. नुसती गोळी देऊन आकडा वर आणू नका.

मृणाल_लालबाग (पाच आठवड्यांनी)

जळजळ दुसऱ्या आठवड्यातच निम्म्यावर आली. काल आईने पिठलं-भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली. कडांना परत खरखर जाणवते, टोक अजून गुळगुळीत आहे. कवळी रात्री डबीत, वर रुमाल. टाळू आता गुलाबी.

पायाच्या मुंग्या मात्र तशाच. फिजिशियन म्हणतात काही महिने बघू, शुगरचा वाटा किती आणि बी १२ चा किती हे आत्ता सांगता येणार नाही. फेरिटिनचं विचारल्यावर त्यांनी एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही लिहून दिल्या. आई कोलोनोस्कोपीला तयार नाही. इथे कोणाच्या आई-वडिलांनी या वयात केली असेल तर आदल्या दिवशीची तयारी त्यांना कितपत झेपली, शुगरच्या गोळ्यांचं काय केलं, ते लिहाल का?

वसंतराव का.

मी केली होती ७१व्या वर्षी. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यातून प्यायचं, तेवढंच कठीण. शुगरच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, तसं तुम्हीही आधी लिहून घ्या. तपासणी झोपेतच झाली, कळलंही नाही. आईंना माझा फोन लावून द्यायचा असेल तर व्यनि करा, मी बोलतो त्यांच्याशी.