मदत हवी आहे: जंताचं औषध पाजूनही शेळ्यांच्या जबड्याखाली सूज

आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत, रोज माळावर चरायला जातात. पाऊस लागल्यापासून काहींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते. संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. लेंडी घट्टच, हगवण अजिबात नाही. खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. डॉक्टर म्हणाले, हा रक्त पिणारा जंत, हिमोंकस.

सगळ्या कळपाला फेनबेंडाझोल पाजलं. आधी लेंडी तपासली तेव्हा एका ग्रॅममागे सरासरी २४०० अंडी होती, बारा दिवसांनी त्याच शेळ्यांची ११०० निघाली. म्हणजे घट जेमतेम ५४ टक्के. चांगल्या औषधाने ९५ टक्क्यांच्या वर व्हायला हवी. वजन काट्यावर केलं होतं, त्यामुळे डोस कमी पडला असं वाटत नाही. दुकानदार मात्र तेच औषध पुन्हा द्या म्हणतो (त्याचं काय जातंय!).

आता विचार असा आहे की पापणीच्या रंगाच्या तक्त्यावर ४ आणि ५ नंबरला येतील त्यांनाच औषध द्यायचं, लालबुंद पापणीवाल्यांना सोडायचं, म्हणजे त्यांच्यातले औषधाने मरणारे जंतही माळावर राहतील, फक्त औषधाला न जुमानणाऱ्या जंतांचंच बी उरलंय असं होणार नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारतो: ३ नंबरच्या गाभण आणि दुभत्या शेळ्यांना द्यायचं की थांबायचं? पुढे लेव्हामिसोल घ्यावं की क्लोसँटेल? क्लोसँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी होते, म्हणून धाकधूक आहे. आणि पावसाळ्यात पापण्या किती दिवसांनी तपासता?