मदत हवी आहे: तेवीस जणांच्या ईमेलची सुरुवात कशी करू?

दर शुक्रवारी मला प्रोजेक्टचा आढावा तेवीस जणांना पाठवावा लागतो. त्यात आमचे बारा जण, दुसऱ्या विभागाचे वरिष्ठ आणि ग्राहकाकडचे चौघे असतात. आधी मी ‘हॅलो टीम’ लिहायचे. पण ग्राहक काही आमच्या टीममध्ये नाही, आणि वरिष्ठांना ते जरा सलगीचं वाटत असावं. म्हणून ‘डिअर ऑल’वर आले. ते कोणाला खटकत नाही, पण कोणाला लागूही होत नाही! गेल्या वेळी ‘कृपया तारीख कळवा’ असं लिहिलं, तर एकाचंही उत्तर नाही. ज्या तिघांनी कळवायचं, त्यांना ते इतरांसाठी आहे असं वाटलं.

मग नावं घातली. तिघांचीच घातली तर बाकीचे वीस जण परके, आणि सगळ्यांची घातली तर पहिलं कोणाचं हा वेगळाच घोळ. एक नाव राहिलं, त्याचा फोन आलाच.

आता विचार असा आहे: वर ‘डिअर ऑल’, टू मध्ये फक्त ते तिघे, बाकीचे सीसीमध्ये, आणि मजकुरात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम नि तारीख. वरिष्ठांना सीसीमध्ये टाकलेलं खटकेल का? तुम्ही काय करता?