[खाद्यसमिती] रवा-नारळ लाडू तिप्पट: साखर पावणेचार की सव्वापाच?

प्रेषक: मेधा

मंडळी, आज रात्रीपर्यंत उत्तर हवं आहे, कारण सामान आणायला मी आठच्या आत निघणार. शनिवारी साठ लाडू लागतील. सुलभामावशींचं गेल्या वर्षीचं प्रमाण विसाचं आहे, म्हणून ते तिप्पट करायचं ठरलं. प्रमाण असं: रवा दोन कप, ओलं खोबरं पाऊण कप, साखर पावणेदोन कप, पाणी पाऊण कप, तूप १/३ कप, वेलदोड्याची पूड एक टीस्पून.

निखिलच्या शीटमध्ये खोबऱ्यापुढे १ लाख ३७ हजारांच्या वरचा आकडा दिसतोय. तेवढं खोबरं अख्ख्या व्हिक्टोरियातच काय, ऑस्ट्रेलियातही मिळायचं नाही. म्हणून हाताने हिशेब केला, तर साखर माझ्या मते सव्वापाच कप येते आणि अश्विनीच्या मते पावणेचार. दोघीही ऐकत नाही आहोत. कोण बरोबर? आणि पाणीही खरंच तिप्पट घालायचं का?

---

प्रेषक: निखिल

शीट बरोबर आहे, कोणीतरी त्यात 3/4 असं नुसतंच लिहिलंय. आपल्याकडची शीट ते ३ एप्रिल समजते, मग तारखेच्या आत दडलेल्या दिवसांच्या आकड्याला तीनने गुणते. तिथे `=3/4` असं लिहा, म्हणजे 0.75 येईल. साखरेच्या चौकटीत `=1+3/4`. तिप्पटीचा रकाना आपोआप सुधारेल, त्याला कृपया कोणी हात लावू नका. मागच्या वेळी बटाटेवड्यांच्या शीटची काय गत झाली होती ते सगळ्यांना आठवत असेल.

---

प्रेषक: विश्वास

शीट कशाला हवी? आमच्या वेळी पाऊणकी पाठ असायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. खोबरं सव्वादोन. साखर पावणेदोन, म्हणजे तीन एके तीन आणि वर तीन पाऊणे सव्वादोन, मिळून सव्वापाच. मेधा बरोबर आहे. अश्विनीने पूर्णांक तिप्पट केला आणि पाऊण तसाच शेजारी ठेवला, म्हणून तिचे पावणेचार आले. शाळेत यासाठी छडी बसायची.

पण पाणी तिप्पट करायचं नसतं, हे लक्षात ठेवा. पाण्याचं प्रमाण दुपटीच्या वर कधी जात नाही. नाहीतर पाक बिघडतो. माझी आई नेहमी सांगायची.

---

प्रेषक: अश्विनी

विश्वासकाका, छडीचं राहू द्या. आकड्याचं मान्य. पण पावणेचार कप साखर घातली तर बिघडतं काय? आपल्याकडे निम्म्या लोकांना मधुमेह आहे, आणि गेल्या वर्षी लाडू फार गोड झाले अशी तक्रार माझ्याकडेच आली होती. थोडी कमीच बरी.

---

प्रेषक: सुलभा

अश्विनी, बेसनाच्या लाडवात साखर कमी केली तर लाडू फक्त कमी गोड होतो. पाकाच्या लाडवात तसं नाही. इथे रव्याला बांधतो तो पाक. साखर दीड कप कमी म्हणजे पाकच कमी, आणि सहा कप रवा तेवढ्यात भिजायचाच नाही. लगेच कळतही नाही. पहिला अर्धा तास मिश्रण सैलसर, छान दिसतं. मग रवा सगळा पाक पिऊन टाकतो आणि दोन तासांनी वळायला बसलीस की मुठीतून भुगा गळतो. तेव्हा कोमट दूध शिंपडून वळता येतात, पण दूध लागलेले लाडू दोन दिवसांत खायला हवेत. गोडी कमी करायची असेल तर साडेचारपर्यंत उतर, त्याच्या खाली नको, आणि रवाही पाऊण-एक कप कमी घे.

विश्वासराव, पाण्याचं तुमचं अर्धं खरं आहे. तिप्पट, म्हणजे सव्वादोन कप घातलं तर पाक बिघडत नाही, फक्त वेळ लागतो. एकतारी म्हणजे साखरेने जेवढं पाणी धरायचं तेवढंच पाकात उरलेलं असणं. सुरुवातीला सव्वादोन कप घाला की पावणेदोन, तार यायच्या वेळी भांड्यात उरणारं पाणी तेवढंच. जास्तीचं वाफ होऊन जातं. तुमच्या आईंनी पाणी कमी घेतलं असेल तर ते गॅस वाचवायला. मी स्वतः साठ लाडवांना दोन कपाच्या आतच घेते. फक्त उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळायला हवी, इतकं तरी पाणी पाहिजे. कडेला न विरघळलेले दाणे राहिले तर पाक नंतर खडबडतो.

घात होतो तो मिनिटं मोजण्यात. माझ्या कागदावर 'पाक सहा-सात मिनिटं' लिहिलंय, ते वीस लाडवांच्या पसरट पातेल्याचं. तीनपट साखर उंच टोपात घातली तर वरचा उघडा भाग काही तिप्पट होत नाही, त्यामुळे वाफ हळू जाते आणि सहा मिनिटांनी तो पाकही नसतो, नुसतं साखरपाणी असतं. आणि एकदा तार दिसायला लागली की उलटं होतं. एवढा मोठा ऐवज गॅस बंद केल्यावरही तापलेलाच राहतो आणि आटत जातो. बघता बघता दोन तारी. म्हणून तार तुटता तुटता लांबते आहे असं दिसलं की गॅस बंद करा आणि लगेच रवा घाला. थेंब बशीत घेऊन जरा निवू द्या, मग अंगठा आणि बोट लावून बघा. गरम थेंबाला तार नीट कळत नाही. पुढे गेलाच पाक, तर दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी काढा.

रवा मात्र सहा कप एकदम कढईत टाकू नका. खालचा तांबडा होतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन-दोन कप करून तीनदा भाजा. पाक एकच करा.

---

प्रेषक: प्रसाद

सगळे कप कप म्हणताय, पण कोणता कप? आम्ही न्यू जर्सीहून आणलेला सेट साधारण २४० मिलीचा आहे, इथला २५० चा. आणि पाऊण कपाचा कप आमच्या सेटमध्ये नाहीच. एक, अर्धा, १/३ आणि पाव एवढेच. मग पाऊण कप मोजायचा कसा? मी ऑनलाइन पाऊण कपाचा शोधतोय. शनिवारपर्यंत येईल असं दाखवतंय.

---

प्रेषक: मेधा

प्रसाद, प्लीज मागवू नकोस! तिप्पट केल्यावर पाऊण कप उरतोच कुठे? सव्वादोन म्हणजे दोन सपाट कप आणि एक पाव. १/३ कप तूप तर सरळ एक कप झालं. म्हणून तर तिप्पट बरं, दुप्पट केलं असतं तर २/३ मोजत बसावं लागलं असतं.

---

प्रेषक: सुलभा

आणि पाव कपाने नऊ वेळा मोजू नकोस. दर वेळी थोडी शीग राहते आणि नऊ वेळांची मिळून चांगली मूठभर होते. शिवाय पाचव्या-सहाव्या खेपेला फोन येतो आणि आकडा विसरतो.

२४० आणि २५० चा काथ्याकूट सोडा. सगळं एकाच कपाने मोजलंत की झालं, लाडू दोन-तीन कमी-जास्त होतील इतकंच. रवा एका घरच्या वाटीने आणि साखर दुसऱ्या घरच्या, असं मात्र करू नका. आमच्याकडची आमटीची वाटी जेमतेम दीडशे मिलीची आहे. वजन करायचं असेल तर इथल्या कपाला साखर सुमारे २२० ग्रॅम धर. सव्वापाच कप म्हणजे साडेअकराशे ग्रॅमच्या थोडं वर. दुकानातली एक किलोची एक पिशवी पुरणार नाही, दोन आण.

---

प्रेषक: चारुता

चमच्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तीन टीस्पून म्हणजे एक टेबलस्पून हे अमेरिकेत. इथला टेबलस्पून २० मिलीचा, म्हणजे चार टीस्पून. गणपतीत आमच्या चकल्या तिप्पट केल्या तेव्हा ज्यांनी मीठ मोजलं त्यांनी तीन टीस्पूनऐवजी 'एक टेबलस्पून' घातलं होतं. त्या चकल्या दह्यात बुडवून खाव्या लागल्या. वेलदोड्याला एवढं काही होणार नाही, पण पुढच्या वेळी चकलीचं मोहनही असंच तिप्पट करायचं का? आमच्याकडे पाऊण वाटी पडतं.

---

प्रेषक: विश्वास

चारुता, मोहन कडकडीत हवं, मापाचं एवढं नाही. आणि चकलीचा धागा वेगळा काढ.

वेलदोडा तीन टीस्पून फार होतो असं माझं मत. वास काही मापाने वाढत नाही, दोन पुरे.

---

प्रेषक: सुलभा

विश्वासराव, रवा तिप्पट तर वासही तिप्पट लागणार. एका लाडवात वेलदोडा तेवढाच यायला हवा ना? मात्र पूड ताजी असेल तर आधी दोन घालून चव बघा, डब्यातली जुनी असेल तर तीन.

---

प्रेषक: विश्वास

पुण्याला आमच्याकडे दोनच घालतात.

---

प्रेषक: निखिल

शीट दुरुस्त झाली. साखर 5.25 दाखवतेय, खोबरं 2.25. हॉलच्या गॅसवर मोठी कढई बसेल का? मागच्या वेळी शेगडी लहान पडली होती.

---

प्रेषक: मेधा

हॉलमध्ये नकोच, चावी दहाला मिळते. रवा अश्विनी, प्रसाद आणि मी आपापल्या घरी दोन-दोन कप भाजू, प्रत्येकी १/३ कप तुपात. कप माझा, तो मी उद्या सगळीकडे फिरवेन. खोबरं शेवटच्या पाच मिनिटांत रव्यातच परतायचं. पाक सुलभामावशींकडे शुक्रवारी संध्याकाळी, भाजलेला रवा सहाच्या आत तिथे पोचवा. मिश्रण रात्रभर झाकून ठेवू, वळायला शनिवारी सकाळी आठ वाजता निदान चार जण हवेत. एकट्या-दुकट्याने साठ वळेपर्यंत शेवटचे वीस कोरडे पडतात.

मी निघाले. साखर दोन किलो आणतेय. अश्विनी, साडेचार की सव्वापाच ते तू आणि मावशी ठरवा, पण साडेचार ठरलं तर रवा किती कमी भाजायचा तेही उद्या सकाळपर्यंत कळवा. वेलदोडा कोण आणतंय?

---

प्रेषक: प्रसाद

वेलदोडा आहे माझ्याकडे. ओलं खोबरं म्हणजे फ्रोझन चालेल ना? आणि ते वितळल्यावर मोजायचं की आधी?

---

प्रेषक: सुलभा

वितळल्यावर, पाणी घट्ट पिळून, मग मोज. न पिळता घातलंस तर ते पाणीही रव्यात जाईल आणि खोबरं परतायला दुप्पट वेळ लागेल. पाकिटं दोन काढून ठेव, पिळल्यावर सव्वादोन कप एका पाकिटात भरतीलच असं नाही.