वेंगुर्ल्याच्या दमट हवेतले सीरम

“चेहऱ्याला लावायचे व्हिटॅमिन सीचे सीरम, म्हणजे १५ टक्क्यांचे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, महिन्याभरात तांबूस झाले, गालही चुरचुरतात. चालू ठेवू की त्याऐवजी अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड घेऊ?”

तांबूस झालेली बाटली टाकून द्यावी, कारण हवा, ऊब आणि उजेड यांनी त्यातील आम्लाचे ऑक्सिडीकरण झाले आहे. वेंगुर्ल्यात मे महिन्यात न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेली माझी बाटली पाण्यासारखी होती ती कोऱ्या चहासारखी झाली आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडले, तेव्हा कुठे मला हे उमगले. पांढऱ्या कापसावर एक थेंब टाकून रंग पाहिला असता, तर आधीच कळले असते.

चुरचुरणे मात्र वेगळे. शुद्ध आम्ल त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा सामू साधारण ३.५ पेक्षा कमी असावा लागतो, त्यामुळे ताज्या बाटलीनेही नाजूक गाल चुरचुरू शकतात. अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइडमध्ये त्याच रेणूला ग्लुकोज जोडलेले असल्यामुळे तो सहज बिघडत नाही, सौम्य सामूतही टिकतो आणि त्वचेतील विकर ते ग्लुकोज सोडवून मूळ आम्ल मोकळे करते. हे रूपांतर सावकाश व अपुरे होते, आणि त्याच्या परिणामाचा पुरावाही शुद्ध आम्लाइतका भक्कम नाही.

म्हणून तुम्ही ग्लुकोसाइडच घ्यावे, असे मला वाटते. ज्यांची त्वचा राठ आहे, ज्यांना उन्हाचे जुने परिणाम कमी करायचे आहेत आणि जे छोटी गडद बाटली फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवतील, त्यांनी खुशाल शुद्ध आम्ल वापरावे.