टेकू लगेच काढू नका

> ९ इंची वीटभिंतीत ३ फुटी दार पाडतोय. तयार लिंटेल बसवलं की टेकू लगेच काढले तर चालेल?

नाही. लिंटेल आणि वरच्या विटांमध्ये फट उरतेच. ती नीट भरेपर्यंत वरचा भार भिंतीतून आरपार घातलेल्या, टेकूंवर टेकलेल्या आडव्या तुळयांवरच असतो. फटीत पातळ माल ओतला तर तो आकसतो, भिंत बसते आणि कोपऱ्यांतून वर पायऱ्यांसारखी तिरकी भेग जाते. म्हणून १:३ सिमेंट-वाळूचा, मुठीत जेमतेम गोळा होईल इतकाच ओलसर माल लाकडी ठोकळ्याने ठासून भरा. लिंटेल दोन्ही बाजूंना ८ इंच टेकलेलं हवं. सात दिवसांनी टेकूंच्या पाचरी थोड्याथोड्या सैल करा, मग तुळया काढा. त्यांची भोकंही तशाच मालाने ठासा. भिंतीवर स्लॅब टेकला असेल तर त्यालाही दोन्ही बाजूंनी टेकू हवेत. तुळया फक्त भिंत पेलतात.